‘म्हणे’ गळून पडतं तेव्हा

‘तो म्हणे नोकरी सोडतोय.’ ‘त्या दोघांचं म्हणे हल्ली पटत नाही.’ मराठीतला हा ‘म्हणे’ फार प्रामाणिक शब्द आहे. हे मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, खरंखोटं मला ठाऊक नाही, एवढी सगळी कबुली त्या दोन अक्षरांत मावते. पण एखादी गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते तेव्हा सगळ्यात आधी हाच शब्द गळतो. दुसरा माणूस तिसऱ्याला सांगतो, ‘तो नोकरी सोडतोय.’ ऐकीव गोष्टीची बातमी होते. कुणीही खोटं बोललेलं नसतं.

नोकरी सोडण्याची गोष्ट असेल तर फारसं बिघडत नाही. गोष्ट एखाद्याच्या वागण्याची असेल तर बिघडतं. पाठीमागे बोलण्याबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा चहाडखोर, कान भरणारे, मुद्दाम आग लावणारे डोळ्यांसमोर ठेवून. तशी माणसं असतात, पण थोडी असतात आणि ती ओळखूही येतात. माझ्या मते गैरहजर माणसाचं जास्त नुकसान आपल्यासारखी साधी माणसं करतात. आपण खोटं बोलत नाही, आपल्याला कुणाचं वाईट करायचं नसतं, आणि म्हणूनच आपण काही केलंय हे आपल्या लक्षातही येत नाही. मी हे केलेलं आहे, आणि ते कसं घडलं ते पायरीपायरीनं सांगता येईल इतकं मला स्पष्ट आठवतं.

आमच्या विभागात अकरा जण होतो. महिन्याच्या शेवटी एक मोठा अहवाल जायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी थांबायचं, हे ठरलेलं होतं. एका महिन्यात आमच्यातली एक सहकारी त्या दिवशी चार वाजता निघून गेली. तिच्या वाटचे दोन तक्ते अपुरे होते. ते मी पुरे केले आणि रात्री नऊला घरी पोचले. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक सहकारी भेटला. ‘काल उशीर झाला का?’ त्यानं सहज विचारलं. मी म्हणाले, ‘हो ना. ती चारलाच निघून गेली, तिचंही मलाच करावं लागलं.’

यातला शब्दन् शब्द खरा होता. तिनं काय कारण दिलं होतं, कुणाला विचारून गेली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आजही मुद्दाम सांगणार नाही. कारण सांगितलं की वाचणाऱ्याचं मन लगेच निवाडा करायला बसतं. कारण चांगलं निघालं तर मी दोषी, फुसकं निघालं तर ती दोषी. धरून चालू की तिचीच चूक होती. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

पाचसहा दिवसांनी तोच सहकारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, ‘ती म्हणे अहवालाच्या दिवशी निघून जाते.’ मी पलीकडच्या टेबलावर होते. ‘म्हणे’ अजून शाबूत होतं, पण ‘गेली’चं ‘जाते’ झालं होतं. फरक एवढाच, आणि मला तो तेव्हा जाणवलाही नाही. पण ‘गेली’ ही एका दिवसाची गोष्ट आहे. तिला तारीख आहे, ती तपासता येते. ‘जाते’ ही सवय आहे, आणि सवयीला तारीख नसते. पुढे कधीतरी ‘ऐनवेळी अंग काढून घेते’ असंही माझ्या कानावर आलं. आता ‘म्हणे’ गेलं होतं, अहवालही गेला होता, आणि निघून जाण्याला हेतू चिकटला होता.

चार महिन्यांनी एका नव्या कामासाठी माणसं निवडायची होती. बैठकीत तिचं नाव निघालं. ज्या गृहस्थांनी तिच्याबरोबर एकही दिवस काम केलं नव्हतं ते म्हणाले, ‘ती हुशार आहे, पण भरवशाची नाही.’ दोघांनी माना डोलावल्या आणि पुढच्या नावाकडे वळले. सगळं मिळून अर्धा मिनिट. मी त्या खोलीत बसले होते आणि मला कळत होतं की हे माझंच वाक्य आहे. जिन्यात मी एका दिवसाबद्दल बोलले होते. इथे ते एका माणसाबद्दल झालं होतं.

मी हात वर केला. म्हटलं, ‘ती एकदाच लवकर गेली होती, बाकीच्या सगळ्या महिन्यांत तिचं काम वेळेत होतं.’ ते गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, ‘तुम्ही सांभाळून घेताय, ते चांगलंच आहे. पण मी दोघातिघांकडून ऐकलंय.’

यावर मला काही बोलता आलं नाही. त्या दोघातिघांनी ऐकलं होतं ते फिरून फिरून माझ्याकडूनच. एकच झरा तीन नळांतून आला होता आणि त्यांना ते तीन झरे वाटत होते. पाठीमागच्या बोलण्यातली सगळ्यात फसवी गोष्ट कुठली असेल तर ही. तीन जण स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी मानायला कारण आहे. पण तिघांनीही एकाचंच ऐकलं असेल तर पुरावा अजून एकाच माणसाचा आहे, आणि तोही मूळच्यापेक्षा फिकट. आपण मोजतो ती तोंडं. डोळे मोजायचे तर एकच जोडी होती.

गोष्ट फिरताना तिचं काय होतं, हे बघायला गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४७ साली आलं. एका माणसानं चित्र बघायचं आणि त्याचं वर्णन दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्यानं चित्र न बघता तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला. पाचसहा तोंडं होईपर्यंत मूळ वर्णनातले सुमारे ७० टक्के तपशील गळालेले असायचे. जे उरायचं ते ठसठशीत व्हायचं, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून जे समज होते त्यांच्या साच्यात जाऊन बसायचं. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे होते, आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. सांगता सांगता तो अनेकदा काळ्याच्या हातात गेला. त्या माणसांत कुणी लबाड नव्हतं, कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. समोरच्याला ठीकठाक सांगावं म्हणूनच प्रत्येक जण धडपडत होता.

म्हणजे ‘मी काही तिखटमीठ लावत नाही, आहे तसं सांगतो’ असं म्हणणारा माणूस खरं बोलत असेल, तरी त्याच्या हातून निसटलेलं वाक्य आहे तसं राहत नाही. त्याला ते माहीत असायला हवं. तपशील गळतात ते कुठले? ‘त्या दिवशी’, ‘एकदा’, ‘मला वाटतं’, ‘म्हणे’. नेमके तेच, जे गैरहजर माणसाच्या बाजूनं उभे असतात. उरतं ते विशेषण. बेजबाबदार, आळशी, कंजूष, आतल्या गाठीची. विशेषण हलकं असतं, लक्षात राहतं आणि पुराव्याशिवाय चालतं. ‘त्यानं माझे पैसे सहा महिने परत दिले नाहीत’ याला उत्तर देता येतं. तो सांगू शकतो की तीन महिने, सहा नव्हे. किंवा कबूल करू शकतो आणि पैसे देऊन मोकळा होऊ शकतो. ‘तो बुडव्या आहे’ याला उत्तर काय द्यायचं? पैसे परत दिले तरी बुडव्या हा बुडव्याच राहतो, फार तर या वेळी दिले, एवढंच.

स्वतःबद्दल बोलताना आपण अशी विशेषणं वापरत नाही, हेही बघण्यासारखं आहे. मला उशीर झाला तर गाडी चुकली, फोन आला, रात्री झोप नव्हती. दुसऱ्याला उशीर झाला तर त्याला वेळेची किंमत नाही. स्वतःच्या वेळी आपण प्रसंग सांगतो आणि दुसऱ्याच्या वेळी स्वभाव. समोर बसलेला माणूस निदान ‘अहो, पण त्या दिवशी असं झालं होतं’ म्हणून स्वतःचा प्रसंग मांडू शकतो. गैरहजर माणसाला ती सोय नसते. त्याच्याबद्दल बोलण्यात काही वेगळा दोष असेल तर तो माझ्या मते इथे आहे. वाईट बोलणं तोंडावरही होतं आणि ते कधीकधी जास्त लागतं. पण तोंडावर बोललेलं वाक्य जागच्या जागी दुरुस्त होऊ शकतं. पाठीमागचं वाक्य दुरुस्त करणारा एकमेव माणूस त्या खोलीत नसतो.

‘पण मी खोटं कुठे बोललो?’ हा बचाव म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. या विषयाचा बारकाईनं विचार केलेल्या जुन्या परंपरांनाही तो पुरेसा वाटलेला नाही. इस्लाममध्ये गैरहजर माणसाबद्दल त्याला आवडणार नाही असं खरं बोलणं म्हणजे गीबत, आणि खोटं बोललात तर तो बुहतान, हा निराळा आणि आणखी मोठा अपराध. म्हणजे खरं असणं ही सुटका नव्हे, गीबत म्हणतात ती खऱ्यालाच. ज्यूंच्या धर्मशास्त्रातही असाच भेद आहे. इस्रायल मेइर कागान या पंडितानं १८७३ साली या एकाच विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यात दुसऱ्याचा दोष सांगायचाच झाला तर कुठल्या अटींवर सांगावा हेही ठरवून दिलं. गोष्ट स्वतः पाहिलेली असावी, आधी त्या माणसाशी बोलून झालेलं असावं, तिळमात्र वाढवून सांगू नये, सांगण्यातून कुणाचं तरी भलं व्हावं, आणि त्या माणसाला त्याच्या कृत्याला साजेल त्याहून जास्त इजा होऊ नये. माझ्या जिन्यातल्या वाक्याला या अटी लावून पाहिल्या. पाहिलं मी स्वतः होतं. वाढवलंही नव्हतं. पण तिच्याशी मी बोलले नव्हते, आणि माझ्या सांगण्यातून भलं व्हायचं होतं ते फक्त माझ्या रागाचं.

एवढं सगळं म्हटल्यावर कुणी म्हणेल, मग गैरहजर माणसाबद्दल बोलायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही, आणि ते शक्यही नाही. मेगन रॉबिन्स आणि अलेक्झांडर करान यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४६७ माणसांच्या अंगावर दिवसभर लहान ध्वनिमुद्रक ठेवून त्यांच्या बोलण्याचे तुकडे टिपले होते. समोर नसलेल्या माणसांविषयीचं बोलणं रोज सरासरी ५२ मिनिटं निघालं, आणि त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश ना चांगलं ना वाईट असं होतं. अमकी परीक्षेला बसली, तमक्याची बदली झाली. माणसं माणसांबद्दल बोलणारच. ते बंद झालं तर आपल्याला एकमेकांची खबरही राहणार नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मनापासून पटतो. दुबळ्या माणसाकडे कधीकधी पाठीमागे बोलण्याशिवाय दुसरं हत्यारच नसतं. नव्यानं कामावर आलेल्या मुलीला जुनी सहकारी हळूच सांगते, ‘त्या साहेबांच्या खोलीत एकटी जाऊ नकोस.’ हे पाठीमागचंच बोलणं आहे, त्या साहेबांना ते मुळीच आवडणार नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. न सांगणं हा भित्रेपणा ठरेल. ‘कुणाबद्दल मागे बोलू नये’ हा नियम सरसकट लावला तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांच्याबद्दल बोलायला हवं त्यांनाच होतो. सत्ता असलेली माणसं हा नियम मोठ्या आवडीनं सांगतात, हे मी पाहिलेलं आहे. तक्रार करणारी बाई ‘गॉसिप करते’ आणि तिच्याविषयी वरिष्ठांच्या खोलीत दार लावून झालेली चर्चा ही ‘माहिती’.

पण तो इशारा नीट ऐका. ‘एकटी जाऊ नकोस. मागच्या वर्षी मी गेले होते तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.’ यात क्रियापद आहे, काळ आहे, आणि कुणी पाहिलं तेही आहे. जिला गरज आहे तिलाच ते सांगितलंय. ‘तो माणूसच घाण आहे’ असं जेवणाच्या टेबलावर सहा जणांत म्हटलं तर राग निघेल, पण त्या मुलीला काय टाळायचं ते कळणार नाही, आणि उद्या चौकशी झाली तर त्या वाक्याचा उपयोग शून्य. इशारा जितका खरोखरीचा असतो तितका तो प्रसंगाला धरून असतो. म्हणून मला वाटतं, विशेषणाकडे घसरलेलं बोलणं बहुतेक वेळा कुणाला सावध करण्यासाठी नसतंच. ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला जवळ आणण्यासाठी असतं. दोघांना तिसरा कुणी नावडतो हे कळलं की ओळख चटकन घट्ट होते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. जिन्यात मलाही तेच हवं होतं. कुणीतरी ‘बाई, तुझ्यावर अन्याय झाला’ म्हणावं. ते मला मिळालं, आणि त्याची किंमत जिन्यात नसलेल्या बाईनं दिली.

राग तर कुठेतरी बोलावा लागतोच. तो गिळून टाका असा उपदेश करणारी मी कोण? घरी येऊन मी नवऱ्यापाशी या सहकारीबद्दल दोनतीन दिवस बोलले होते. त्यात गैर काही आहे असं मला वाटत नाही. पण पुढे काय झालं ते सांगते. आठवडाभरानं माझा राग उतरला. तिनं माझं एक अडलेलं काम करून दिलं, मी तिचं एक केलं, आमचं बोलणं पूर्ववत झालं. यातलं मी घरी काहीच सांगितलं नाही, कारण राग उतरला ही सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही. दोन महिन्यांनी एका समारंभात ती आम्हाला भेटली. मी तिच्याशी हसूनखेळून बोलत होते आणि नवरा शेजारी तुटक उभा होता. तिनं काही विचारलं तर ‘हो’ आणि ‘नाही’. घरी येताना मी विचारलं, ‘असं काय वागलास तिच्याशी?’ तो म्हणाला, ‘तूच म्हणाली होतीस ना, तिनं तुला अडकवलं म्हणून?’

तक्रारीचा पहिला अंक आपण ज्याला ऐकवतो, त्याला दुसरा अंक ऐकवायला विसरतो. आपण मिटवतो, पण ऐकणाऱ्याकडे गोष्ट तिथेच थांबलेली असते. मुलांनी एकमेकांवर रुसून आईकडे केलेली कागाळी, लग्न झालेल्या मुलीनं फोनवर सांगितलेलं नवऱ्याचं भांडण, सगळ्यात हेच होतं. मुलगी त्याच रात्री विसरते, आई दहा वर्षं जावयाकडे त्याच डोळ्यांनी बघते. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. ज्याच्यापाशी कुणाबद्दल चिडून बोलले असेन, त्याला मिटल्याचंही सांगते. ‘तिचं नि माझं आता ठीक आहे, त्या दिवशी तिनं माझ्यासाठी थांबून काम केलं.’ सांगायला कसंनुसं होतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही रस नसतो. तरी सांगते.

ऐकणाऱ्याचं काम मला बोलणाऱ्याइतकंच मोठं वाटतं, कारण गळलेला ‘म्हणे’ परत जोडणं त्याच्या हातात असतं. कानावर हात ठेवून ‘मला कुणाबद्दल ऐकायचं नाही’ म्हणणारी माणसं मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. त्यानं समोरचा शरमतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. माझी एक जुनी मैत्रीण वेगळं करते. कुणी म्हणालं, ‘ती फार घमेंडखोर झालीये,’ की ही अगदी उत्सुकतेनं विचारते, ‘का गं, काय केलं तिनं?’ विचारण्यात टोमणा नसतो, तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. मग समोरची आठवू लागते. ‘अगं, परवा समोरून गेली, बोललीच नाही.’ ‘तिनं बघितलं होतं का तुला?’ ‘...बघितलं असेल.’ तिथवर येईतो घमेंड बरीचशी विरलेली असते आणि हातात एक साधी, छोटी, दुखावणारी गोष्ट उरते, की ती माझ्याशी बोलली नाही. त्या गोष्टीला सहानुभूती देता येते, आणि ती देताना कुणालाही घमेंडखोर ठरवावं लागत नाही. ‘कधी?’, ‘किती वेळा?’, ‘तू स्वतः पाहिलंस का?’ हे तीन प्रश्न त्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवे होते. उत्तरं आली असती, ‘चार महिन्यांपूर्वी’, ‘एकदा’, ‘नाही’. मला स्वतःला ते तिथे सुचले नाहीत. मी तिची बाजू घेत बसले, आणि बाजू घेणाऱ्याचं कुणी खरं मानत नाही.

बैठकीनंतर तिची माफी मागावी असं फार वाटलं. पण माफी मागायची म्हणजे आधी तिला सांगायचं की तुझ्याबद्दल काय काय बोललं जातंय, आणि तेही माझ्यापासून सुरू झालंय. माझं मन हलकं झालं असतं, आणि ती उद्यापासून प्रत्येक चेहऱ्याकडे संशयानं बघत कामावर आली असती. हे मला रास्त वाटलं नाही. त्यापेक्षा वाक्य जिथे सोडलं होतं तिथे जाऊन ते परत घ्यावं, असं ठरवलं.

म्हणून मी जिन्यात भेटलेल्या त्या सहकाऱ्याकडे गेले. त्याला म्हटलं, ‘मी तुला म्हणाले होते ना, की अहवालाच्या दिवशी ती चारला निघून गेली आणि सगळं माझ्यावर पडलं? ते त्या एका दिवसापुरतं होतं. ती तशी नाही. कुणी विचारलं तर तेवढं सांग.’

तो जरा गोंधळला. ‘तू असं म्हणाली होतीस? मला नाही आठवत,’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, अगदी आपुलकीनं म्हणाला, ‘पण तू जपून राहा हं तिच्यापासून. ऐनवेळी अंग काढून घेते ती.’